खाटेच्या पायथ्याचा तक्ता

घरातले कोणी इस्पितळात पडले की आपण पाळीपाळीने त्याच्या उशाशी बसतो. फळे सोलून देतो, उशी सारखी करतो, येणाऱ्या-जाणाऱ्यांना तीच हकीकत पुन्हा पुन्हा सांगतो. पण ज्या कागदावर त्या माणसाची हकीकत दर चार तासांनी लिहिली जात असते, त्याकडे आपले लक्ष जात नाही. पूर्वी तो कागद खाटेच्या पायथ्याशी पाटीला अडकवलेला असायचा, आणि पुष्कळ सरकारी इस्पितळांत अजूनही असतो. काही ठिकाणी तो फाइलीत जाऊन बसला आहे, काही ठिकाणी संगणकात. वॉर्डातल्या बोलीत त्याला टी.पी.आर.चा चार्ट म्हणतात, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास यांचा तक्ता. शेजारी रक्तदाबाचा रकाना असतो, आणि अलीकडे बोटाला चिमटा लावून मोजलेल्या ऑक्सिजनचाही. पाहायचा असेल तर सिस्टरांना विचारून पाहा, “आमच्या पेशंटचा चार्ट बघू का?” म्हटले तर सहसा कोणी नाही म्हणत नाही.

नातेवाइकाने तो हातात घेतला म्हणजे बहुधा दोनच गोष्टी होतात. तो तापाच्या रकान्यावरून बोट फिरवतो, आणि मग रक्तदाबाचा शेवटचा आकडा वाचून म्हणतो, “वा, बी.पी. तर अगदी नॉर्मल आहे!” शस्त्रक्रियेच्या वॉर्डात बरीच वर्षे काढल्यावर मला असे सांगावेसे वाटते की, नेमक्या या दोन रकान्यांनी माणसाची जितकी फसगत होते तितकी बाकीच्यांनी होत नाही. सिस्टर तोच कागद वाचते तेव्हा तिची नजर आधी श्वासावर जाते, मग नाडीवर, आणि रक्तदाब ती शेवटी पाहते. असे का, ते आज थोडे उलगडून सांगावयाचे आहे. पुढे जे आकडे येतील ते सगळे मोठ्या माणसांचे आहेत. लहान मुलांचे गणितच निराळे. एक वर्षाचे मूल मिनिटाला पस्तीस श्वास घेत असेल तर त्यात काही वावगे नाही, पण त्याचे आजोबा तेवढे घेऊ लागले तर धावाधाव करावी लागेल.

तर प्रथम श्वास. स्वस्थ पडलेला मोठा माणूस मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. हा आकडा काढायला यंत्र लागत नाही, घड्याळ आणि एक मिनिट लागते. आणि ते मिनिट गर्दीच्या वॉर्डात मिळत नाही. म्हणून चार्टावरचा सगळ्यांत दुबळा रकाना हाच. कित्येक चार्टांवर तुम्हाला २०, २०, २०, २० अशी सरळ ओळ दिसेल. माणूस काही घड्याळाच्या लंबकासारखा श्वास घेत नाही. तेव्हा अशी ओळ दिसली की समजावे, हा आकडा मोजलेला नसून अंदाजाने भरलेला आहे. हे मी कोणाला दूषण म्हणून सांगत नाही, चाळीस रुग्णांमागे दोन सिस्टर असल्या म्हणजे काय होते ते सांगते आहे.

पण तुमच्याजवळ वेळ असतो, आणि मोजण्याची रीत साधी आहे. छातीचे किंवा पोटाचे वर येऊन खाली जाणे म्हणजे एक श्वास. पांघरूण घेतलेले असेल तर पांघरुणाची घडी कशी हलते ते पाहावे. मिनिटभर पुरे मोजावे, पंधरा सेकंद मोजून चौपट करू नये, कारण एका श्वासाची चूक चौपट होते. आणि मुख्य गोष्ट, रुग्णाला कळू देऊ नये. “तुमचा श्वास मोजतोय हं” म्हटले की कोणाचाही श्वास बदलतो. जुन्या सिस्टर एक युक्ती करतात. नाडी मोजून झाली तरी मनगट सोडत नाहीत. रुग्णाला वाटते, नाडीच पाहताहेत, आणि सिस्टरांचे डोळे असतात त्याच्या छातीवर.

आता, या श्वासाला इतके महत्त्व कशासाठी? शरीरात कुठे तरी जंतूंचा फैलाव झाला, किंवा आतल्या आत रक्त वाहू लागले, म्हणजे अवयवांना प्राणवायू पुरेसा पोचेनासा होतो. प्राणवायूवाचून पेशींचे काम चालू राहिले की रक्तात आम्ल साठते. ते आम्ल कमी करण्याचा शरीराला लगेच हाताशी असलेला उपाय म्हणजे कार्बन डायऑक्साइड जास्तीत जास्त बाहेर टाकणे, म्हणजेच भराभर श्वास घेणे. फुप्फुसे अगदी निर्मळ असली तरी हे घडते. म्हणून श्वास वाढला की तो छातीचाच विकार असला पाहिजे असे नाही. पोटातल्या बिघाडाची पहिली वर्दी पुष्कळदा छातीच देते. वेदना, भीती आणि ताप यांनीही श्वास थोडा वाढतो हे खरे. पण अठरावरून बावीस, बावीसवरून पंचवीस, आणि माणूस तर शांत पडलेला, असे चढते आकडे दिसले की सिस्टर खुर्चीवरून उठते.

येथे एक गैरसमज फार होतो. ऑक्सिजनचा चिमटा ९७ दाखवतो, मग श्वास कितीका असेना, असे लोक म्हणतात. अहो, भराभर श्वास घेतो आहे म्हणूनच ते ९७ टिकले आहेत! घरात पाहुणे वाढले तरी ताटे वेळेवर येत असतात, कारण आत चुलीपाशी कोणी तरी दुप्पट राबत असते. तो राबणारा थकला म्हणजे ९७ चे ९० व्हायला वेळ लागत नाही.

उलट दिशेचाही धोका असतो. शस्त्रक्रियेनंतर मॉर्फिनच्या जातीचे वेदनाशामक दिलेले असले आणि श्वास आठावर किंवा त्याखाली आला, माणूस हाक मारूनही नीट जागा होत नाही, तर “बिचारा छान झोपलाय” असे म्हणून स्वस्थ बसू नये. त्या घटकेला ताबडतोब सिस्टरांना बोलवावे.

नाडीकडे वळू. विश्रांतीत पन्नास ते नव्वद हा साधारण टापू. पण एकट्या आकड्यापेक्षा दोन गोष्टी पाहावयाच्या असतात. एक म्हणजे कालच्या मानाने आज काय. रोज सत्तर असणाऱ्याची नाडी शंभर झाली तर ती बातमी आहे. मुळातच नव्वदीच्या घरात राहणाऱ्याची शंभर झाली तर तेवढी नाही. दुसरी गोष्ट म्हणजे तापाशी तिचे नाते. ताप आणि नाडी या जोडीने चढतात आणि जोडीनेच उतरतात. ढोबळ मानाने, ताप एक अंश फॅरनहाइटने वाढला तर नाडी पाच ते दहा ठोक्यांनी वाढते. चार्टावर या दोन रेघा एकमेकींच्या मागून चालल्या असल्या म्हणजे बहुतेक ठीक. नाडीने तापाला मागे टाकून पुढे धाव घेतली, किंवा ताप उतरला आणि नाडी वरच राहिली, तर तेथे थांबून विचार करावा लागतो. (विषमज्वरात याच्या नेमके उलट दिसू शकते. ताप भरपूर आणि नाडी त्या मानाने मंद. जुने डॉक्टर चार्टावरच्या या विजोड जोडीवरून विषमज्वराचा संशय घेत.)

राहता राहिला रक्तदाब. तो शेवटी का, हे समजले की अर्धा चार्ट समजला. रक्तदाब ही शरीराने जिवापाड सांभाळलेली गोष्ट आहे. रक्त कमी पडू लागले की हृदय वेगाने चालू लागते, हातापायांच्या आणि कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात, लघवी कमी होते, आणि असे चारी बाजूंनी काटकसर करून मेंदू व हृदय यांच्यासाठी दाब टिकवला जातो. घरात पैसा संपत आला तरी दारात आलेल्याला कळू न देणारी माणसे असतात ना, तसेच हे. सत्तर किलो वजनाच्या धडधाकट माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. त्यातले पाऊण लिटर, कधी त्याहून पुष्कळ जास्त, गेले तरी वरचा आकडा जवळपास पूर्वीइतकाच राहू शकतो. दीड लिटरच्या पलीकडे गेले की मात्र तो झपाट्याने कोसळतो. म्हणजे रक्तदाब घसरलेला दिसतो तेव्हा शरीराची शिल्लक संपत आलेली असते. तरुण माणसात ही फसगत अधिक, कारण त्याची शिल्लक मोठी आणि घसरण एकदम.

आणि नॉर्मल म्हणजे तरी कोणाचे नॉर्मल? ज्या आजोबांचा दाब गेली दहा वर्षे १५०-१६० राहिला आहे, त्यांचा ११० झाला तर पुस्तकाप्रमाणे तो उत्तम. पण त्यांच्या मूत्रपिंडांना तो अपुरा पडू शकतो. नेहमीच्या दाबात चाळीसाने घट झाली तर आकडा दिसायला कितीही गोजिरा असो, ती घट मानावी. ही माहिती चार्टावर नसते, तुमच्याजवळ असते. म्हणून दाखल करतानाच सांगून ठेवावे, “यांचे बी.पी. एरवी इतके असते.”

आता एक चार्ट समोर घेऊ. रुग्ण कल्पनेतला आहे, पण शस्त्रक्रियेच्या वॉर्डात ज्यांनी काम केले आहे त्यांना तो ओळखीचा वाटेल. आपण त्यांना आबा म्हणू. वय बासष्ट. मोठ्या आतड्यातली गाठ काढून आतड्याची दोन टोके जोडली आहेत. शस्त्रक्रिया शनिवारी झाली. पहिले दोन दिवस थोडा ताप आला, तो तसा बहुतेकांना येतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आबा उठून खुर्चीत बसले, दोन घोट चहाही प्याले. आज गुरुवार, म्हणजे पाचवा दिवस. आतडे जोडलेल्या रुग्णाचा हा आठवडा सिस्टर फार जपून काढतात, कारण सांधा गळायचा असला तर बहुधा याच सुमारास गळतो.

सकाळी सहाला ताप ९९.४, नाडी ८८, श्वास १८, रक्तदाब १३४/८२. तक्रार करावी असे यात काही नाही.

दहाला ताप ९९.८, नाडी ९४, श्वास २०, रक्तदाब १३२/८०. एकेक आकडा पाहिला तर अजूनही कोणी भुवई उंचावणार नाही. पण चारही आकडे एकाच बाजूला सरकले आहेत, हे मनात ठेवावे.

दुपारी दोनला ताप १००.२, नाडी १०२, श्वास २२, रक्तदाब १२८/८०. आबा म्हणतात, “काही नाही, जरा पोट जड वाटतंय.” जेवण नको म्हणाले.

संध्याकाळी सहाला ताप १००.८, नाडी १०८, श्वास २४, रक्तदाब १२६/७८. थोडी उचकीही लागली. साडेसहाला ताप उतरायची गोळी दिली, पॅरासिटामॉल.

रात्री दहाला ताप ९९, नाडी ११२, श्वास २६, रक्तदाब ११८/७४.

दहा वाजता आबांच्या सूनबाईंनी कपाळाला हात लावून पाहिला, गार लागला. सगळ्यांना हायसे वाटले. थोरला मुलगा म्हणाला, “ताप उतरला, बी.पी. एकशे अठरा आहे, आता मी घरी जाऊन येतो.” पण याच वेळी रात्रपाळीच्या सिस्टरांनी निवासी डॉक्टरांना फोन लावला. त्यांना काय दिसले?

सकाळपासून संध्याकाळपर्यंत ताप १.४ अंशांनी चढला. तेवढ्याने नाडी सात ते चौदा ठोक्यांनी चढावी. ती चढली वीसाने. म्हणजे तापाने जेवढा हिशेब लागतो त्याहून काही जास्त आत चालले आहे. पुढे गोळीने ताप पावणेदोन अंशांहून जास्त उतरला. तापामुळेच नाडी वाढली असती तर ती आता शंभराखाली यायला हवी होती. ती उलट चारने वाढली, आणि श्वास दोनने. गोळीने काय केले? तापाचा आकडा पुसला. ज्यामुळे ताप आला होता ते तसेच आहे.

आता दाबाचे पाहा. सकाळी वरचा आकडा १३४ आणि नाडी ८८, दोहोंत अंतर ४६. रात्री ११८ आणि ११२, अंतर फक्त सहा. कित्येक चार्टांवर नाडी आणि दाब एकाच चौकटीच्या कागदावर रेघांनी काढलेले असतात. तेथे या दोन रेघा संध्याकाळपासून एकमेकींकडे झुकताना उघड दिसतात. निरोगी माणसात नाडीचा आकडा दाबाच्या वरच्या आकड्याच्या निम्म्याच्या थोडा पुढेमागे असतो. तो त्याच्या बरोबरीला येऊ लागला म्हणजे हृदयाला तोच दाब राखायला किती तरी जास्त ओढ घ्यावी लागते आहे. रेघा एकमेकींना ओलांडून गेल्या, नाडी वर आणि दाब खाली झाला, की मग वॉर्डात कोणी चालत जात नाही, धावतात.

हे सगळे अनुभवी सिस्टरांना नजरेने कळते, पण नवख्यांनाही कळावे म्हणून गुणांची एक पद्धत निघाली आहे. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने ती २०१२ साली मांडली आणि २०१७ साली सुधारली. आपल्याकडेही काही इस्पितळांतून ती किंवा तिच्यासारखी दुसरी वापरतात. प्रत्येक आकडा जितका नेहमीच्या टापूबाहेर, तितके त्याला गुण, शून्यापासून तीनपर्यंत. येथे गुण जास्त म्हणजे वाईट. आबांचा ऑक्सिजन ९६ च्या वर होता, शुद्ध नीट होती, तेव्हा त्यांचे गुण शून्य. सकाळी सहाला एकूण शून्य. दोनला श्वासाचे दोन आणि नाडीचा एक, असे तीन. सहाला त्यात तापाचा एक मिळून चार. रात्री दहाला ताप उतरल्यामुळे त्याचा एक गुण गेला. पण श्वास पंचविशीच्या पुढे गेल्याने त्याचे तीन झाले, नाडीचे दोन, एकूण पाच. या पद्धतीत पाच झाले की डॉक्टरांना तातडीने बोलवावे, सात झाले की जिवाचा धोका समजून धावपळ करावी. एकाच रकान्यात तीन आले तरीही डॉक्टरांना लवकर दाखवावे. आणि पाहा, आबांच्या रक्तदाबाला या सगळ्या काळात एकही गुण मिळालेला नाही! ११८ हा आकडा त्या हिशेबाने निर्दोषच आहे. जो रकाना पाहून मुलगा घरी निघाला होता, तो अजून बोललेलाच नव्हता.

डॉक्टर आले, पोट दाबून पाहिले, ते कडक लागले. रक्त तपासायला पाठवले, सलाइन आणि जंतुनाशक औषध लगेच सुरू केले, रात्रीच स्कॅन काढला, त्यात आतड्याचा सांधा एका बाजूला सुटल्याचे दिसले. पहाटे पुन्हा शस्त्रक्रिया झाली. असा रुग्ण दाब ११८ असताना टेबलावर जातो आणि ७८ असताना जातो, यांत फार अंतर आहे. भूल देणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

आबांचा चार्ट बोलका होता. सगळे चार्ट तसे नसतात. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल अशा गोळ्या चालू असल्या तर नाडीला लगाम बसलेला असतो. आत कितीही गडबड असली तरी ती ऐंशीच्या पुढे जात नाही, आणि पाहणारा निर्धास्त राहतो. अशा रुग्णात श्वासावरच जास्त भिस्त ठेवावी लागते. फार म्हाताऱ्या माणसांना आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांना मोठा जंतुसंसर्ग असूनही ताप येत नाही. कधी कधी अंग उलट गार पडते, ९६ पर्यंत उतरते. आणि गार पडणे हे तापापेक्षा बरे लक्षण नाही. नाडीचे ठोके अनियमित असले तर दाब मोजण्याचे यंत्र गोंधळते, तेथे हाताने मोजून घ्यावे. दंडाला गुंडाळायचा पट्टा जाड दंडाला अपुरा पडला तर दाब खोटाच वाढलेला दिसतो.

डोक्याला मार लागलेल्या रुग्णाचे शास्त्र तर अगदी उलटे. कवटीच्या आत रक्त साठून मेंदूवर दाब येऊ लागला की नाडी मंदावते, नव्वदावरून साठ, साठावरून पन्नास; आणि रक्तदाबाचा वरचा आकडा चढत जातो. श्वासाची लय बिघडते. आबांच्या चार्टावर ज्या रेघा जवळ येत होत्या त्या येथे एकमेकींपासून दूर पळतात. मोटारसायकलवरून पडलेल्या मुलाची नाडी शांत झाली म्हणून समाधान मानणाऱ्या आईला हे कोणी तरी वेळेवर सांगायला हवे. अशा रुग्णाच्या चार्टावर शुद्धीचा रकाना आधी पाहावा.

शुद्धीची गोष्ट निघाली म्हणून सांगते, या एका बाबतीत नातेवाईक सिस्टरांच्या पुढे असतात. काल नातवाचे नाव बरोबर घेणारे आबा आज त्याला धाकट्या भावाच्या नावाने हाक मारू लागले, चादर चाचपू लागले, भलत्याच वेळी घरी जायची घाई करू लागले, तर नव्या पाळीवर आलेल्या सिस्टरांना ते कसे कळावे? त्यांना वाटेल, वयोमानाने असे असेल. नव्याने उद्भवलेल्या भ्रमाला गुणांच्या त्या पद्धतीत सरळ तीन गुण आहेत, म्हणजे पंचविशीपलीकडच्या श्वासाइतकेच. लघवीचेही तसेच. दुपारपासून पिशवीत किती जमली, रंग गडद झाला का, हे उशाशी बसलेल्याला सहज दिसते. तासाला तीसेक मिलिलिटरच्या खाली ती राहू लागली तर सांगावे.

सांगावे कसे, हेही महत्त्वाचे. “सिस्टर, जरा बघा ना, बरं वाटत नाहीये त्यांना,” असे चाळीस खाटांवरून चाळीस लोक दिवसभर म्हणत असतात. त्याऐवजी असे म्हणावे: “सिस्टर, सकाळी आबांचा श्वास अठरा होता. आता मी मिनिटभर मोजला, सव्वीस आला. ताप उतरलाय, पण नाडी उतरलेली नाही. दुपारपासून पोट जड आहे म्हणताहेत.” चार वाक्ये. यात आरोप नाही, रडगाणे नाही, आणि डॉक्टरांना फोनवर जे सांगायचे ते सिस्टरांना आयते मिळते. अर्ध्या तासात कोणी आले नाही तर पुन्हा मोजावे आणि पुन्हा सांगावे. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा वाढलेला असेल तर तोही सांगावा. चार्टावर स्वतः काही लिहू मात्र नये. आपली नोंद आपल्या वहीत ठेवावी, वेळ घालून. आणि दर दहा मिनिटांनी मोजत बसू नये. त्याने रुग्ण घाबरतो, आणि एकदोन ठोक्यांच्या चढउताराला आपण उगाच अर्थ चिकटवू लागतो. एखादा वेडावाकडा आकडा कोणाचाही येतो. खोकल्याची उबळ येऊन गेली, संडासला जाऊन आले, तरी नाडी शंभरापुढे जाते. दोन-तीन नोंदी एकाच दिशेला गेल्या म्हणजेच तिला वाट म्हणावे.

शेवटी चार्टाच्या अगदी डावीकडचा किंवा वरचा एक रकाना, जो कोणीच वाचत नाही: वेळेचा. सहा, दहा, दोन, सहा अशा चार-चार तासांच्या नोंदी चालल्या आहेत तोवर इस्पितळाला तो रुग्ण स्थिर वाटतो आहे. त्या एकाएकी दर तासाला, मग दर अर्ध्या तासाला होऊ लागल्या, तर कोणी काही बोलले नसले तरी सिस्टरांना काळजी वाटते आहे हे ओळखावे, आणि अशा रात्री घरी जाण्याचा बेत पुढे ढकलावा. आबांच्या चार्टावर गुरुवारी रात्री दहानंतर अशाच दाट नोंदी आहेत. शुक्रवारी दुपारी, दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर, दर तासाला. शनिवारी सकाळी श्वास २०, नाडी ९६. रविवारी श्वास १८, नाडी ८६, ताप ९९.६, आणि नोंदी पुन्हा चार-चार तासांवर आल्या. ताप अजून पुरता गेलेला नव्हता, पण सिस्टरांनी मुलाला सांगितले, “आज रात्री घरी जाऊन झोपा.”